‘आम्हाला काहीच येत नाही’ म्हणणाऱ्या पोरांसमोर

*ताई, नमस्कार. माझं वय २५. शेवटच्या वर्षात असताना व्हिडिओंना सबटायटल करून द्यायला लागलो, आता आम्ही सहा जण आहोत. एका कॉलेजनं दुसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर ४० मिनिटं बोलायला बोलावलंय. विषय आहे, ‘आपल्या कौशल्यातून पहिला व्यवसाय कसा शोधावा’. मी माझी गोष्ट लिहून काढली आणि मित्राला वाचून दाखवली. तो म्हणाला, ‘ऐकायला भारी आहे रे, पण मी सोमवारी उठून करू काय?’ मला उत्तर देता आलं नाही. शिवाय निम्मी मुलं म्हणणार, ‘आम्हाला काहीच येत नाही.’ त्यांना काय सांगू?*

त्या मित्राला भाषणाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसव. कामाचं तेवढं तोच बोललाय.

असं भाषण मीही एकदा केलं होतं. धडपड, पहिला नकार, पहिली ऑर्डर, सगळं क्रमवार. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर पाच जण भेटायला आले आणि त्यातल्या चौघांना हुबेहूब माझाच धंदा करायचा होता. चौघांपैकी एकालाही त्या कामाचा गंध नव्हता. मी त्यांना वाट दाखवायला गेले होते आणि माझ्या घराचा पत्ता देऊन आले.

तेव्हा तुझ्या गोष्टीतले सहा जण, ऑफिस, मोठे क्लायंट हे सगळं दोन वाक्यांत उरक. मुलं आज जिथं उभी आहेत, तिथली गोष्ट सांग. सबटायटलच्या कामाला तू ‘व्यवसाय’ म्हणायला लागलास त्याच्या आधीचे दोन-तीन महिने आठव. पहिलं काम कुणी सांगितलं? नेमक्या कुठल्या शब्दांत? ते तुलाच का सांगितलं? माझा अंदाज आहे की कुणीतरी म्हणालं असेल, ‘तुला ऐकून पटापट टाइप करता येतं ना, एवढं बघ की.’ आणि तुला त्यात विशेष काही वाटलं नसेल. ते ‘विशेष न वाटणं’ हाच तुझ्या भाषणाचा विषय आहे. त्याला दहा मिनिटं दे.

कारण ‘तुम्हाला काय चांगलं येतं?’ असं विचारलंस की मुलं दोनच गोष्टी सांगणार, छंद आणि सर्टिफिकेट. जे हातात इतकं मुरलंय की करताना कळतही नाही, ते कुणी सांगत नाही. १९९० साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीनं एक साधा प्रयोग केला होता. एकानं मनात ओळखीचं गाणं म्हणत टेबलावर बोटांनी ठेका धरायचा, समोरच्यानं गाणं ओळखायचं. ठेका धरणाऱ्यांना वाटलं होतं की निम्म्या वेळा तरी समोरच्याला कळेल. १२० पैकी ओळखली गेली तीन गाणी. ज्याच्या डोक्यात सूर चालू आहे, त्याला समोरच्याला नुसती टकटक ऐकू येतेय हे जाणवतच नाही. कौशल्याचं असंच असतं. ज्याला येतं त्याला वाटतं, यात काय एवढं, कुणालाही जमेल. हा प्रयोग हॉलमध्ये दोन मुलांना पुढं बोलावून करून दाखव. तीन मिनिटांत होतो, हशा पिकतो, आणि पुढचं सांगायला जमीन तयार होते.

पुढचं असं की कौशल्य आतून शोधायचं नाही, बाहेरून शोधायचं. सगळ्यांना फोन काढायला लाव. (भाषणात फोन काढा म्हणणारा पहिला वक्ता म्हणून तू लक्षात राहशील.) गेल्या तीन महिन्यांतले मेसेज वर सरकवत जायचं आणि ‘जरा हे बघशील का’, ‘एवढं करून देतोस का’, ‘तू कसं केलंस’ असं कुणी विचारलं असेल ते कागदावर उतरवायचं. कुणी विचारलं, नेमकं काय मागितलं आणि तो माणूस कुठं अडला होता. दहा मिनिटं पूर्ण शांतता. तूही गप्प बसायचं, मधे मधे प्रेरणा द्यायची नाही.

कागद भरला की एक चाळणी लाव. ‘नोट्स पाठव’ हा मेसेज कौशल्यात धरायचा नाही, कारण तिथं त्यांना नोट्स हव्या होत्या, तू नाही. ज्याच्याकडे त्या असतील त्याला ते विचारणार. पण ‘तुझ्यासारख्या नोट्स कशा काढायच्या, मला जमत नाहीये’ हा मेसेज वेगळा. ज्या कामासाठी दुसरा कुणी मोकळा असतानाही लोक तुझ्याकडेच आले, ते काम ठेवायचं. बाकीचं खोडायचं. बहुतेकांच्या पानावर एक-दोन ओळी उरतील आणि तेवढ्या पुरतात.

काहींचं पान कोरं राहील. त्यांना खोटा दिलासा देऊ नकोस. कदाचित त्यांचं काम अजून कुणी पाहिलेलंच नसेल, तर महिनाभर ते चारचौघांत करावं म्हणजे मेसेज यायला लागतील. किंवा अजून हातात खरंच काही बसलेलं नसेल, तर आधी कुणाच्या तरी हाताखाली काम करावं. ग्राहकाच्या पैशानं शिकणं महागात पडतं, ग्राहकालाही आणि आपल्यालाही. हे सांगताना अवघडू नकोस. दुसऱ्या वर्षात असणं हा काही गुन्हा नाही.

आता भाषणाचा गाभा. कौशल्य म्हणजे व्यवसाय नव्हे, आणि या दोहोंच्या मधली वाट दाखवायला एकच उदाहरण घे, पण ते तळापर्यंत ने. दहा यशस्वी लोकांची नावं घेण्यापेक्षा एकाच मुलीचं एक काम बारकाईनं सांगितलेलं मुलांना जास्त कळतं. माझ्याकडे एक उदाहरण आहे, हवं तर ते वापर.

एक मुलगी माझ्याकडे आली होती, ‘मला काही येत नाही’ या गटातली. तिच्या पानावर पाच ओळी होत्या आणि पाचही एकाच जातीच्या. सहलीचा हिशोब तू ठेव. वर्गणी कुणी दिली, कुणी नाही, जरा बघ. माझ्या एक्सेल शीटमध्ये बेरीज चुकतेय, का ते बघ. विखुरलेल्या नोंदींतून एक स्वच्छ तक्ता काढणं हा तिचा हातखंडा होता. ती म्हणाली, ‘पण हे तर सगळेच करतात.’ टकटक आणि गाणं!

मित्रमैत्रिणी यासाठी पैसे देणार नाहीत, हे उघड आहे. मग प्रश्न असा विचारायचा की हीच अडचण आणखी कुणाला आहे, आणि त्याचं त्यात काही नुकसान होतंय? वेळ, पैसा किंवा चारचौघांतली पत, या तिघांपैकी काहीतरी जात असेल तरच माणूस खिशात हात घालतो. ती विचार करत करत घरगुती शिकवणी घेणाऱ्या एका बाईंपाशी पोचली. साठेक विद्यार्थी, फी काही वहीत लिहिलेली, काही फोनच्या मेसेजमध्ये, काही नुसती लक्षात.

तिनं पहिली चूक केली ती विचारण्यात. ‘मी तुमच्या फीचा तक्ता करून दिला तर आवडेल का?’ बाई म्हणाल्या, ‘अगं छानच, नक्की सांगते.’ पुढं तीन आठवडे काही नाही. मुलांना हे ठासून सांग की ‘छान आहे’ हा होकार नसतो, निरोप असतो. आपल्या माणसाला ओळखीतलं कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. पुढं काय कराल असं विचारलं की लोक गोड उत्तर देतात, मागं काय केलंत असं विचारलं की खरं उत्तर देतात.

दुसऱ्यांदा ती गेली आणि विचारलं, ‘मागच्या महिन्यात फी कुणाची राहिली हे तुम्ही कसं शोधलंत?’ मग बाई बोलायला लागल्या. रविवारची सगळी दुपार वही घेऊन बसले होते. आणि मग जे सांगितलं त्यात खरा व्यवसाय होता. त्यांनी एका पालकांना फी राहिल्याचा मेसेज पाठवला. पालकांनी आधीच भरली होती. त्यांनी पैसे भरल्याचा पुरावा पाठवला, खाली एक शब्दही न लिहिता. बाई म्हणाल्या, ‘मला त्या दिवसापासून कुणाकडेच फी मागायला धीर होत नाही.’

बघ, बाईंना तक्ता नकोच होता. त्यांना पुन्हा तोंडघशी पडायचं नव्हतं. मुलगी ‘एक्सेल करून देते’ असं विकत होती, गिऱ्हाईक ‘माझी लाज राखा’ म्हणत होतं. म्हणून तिचा प्रस्ताव बदलला. दर महिन्याच्या ५ तारखेला एका पानाची यादी, कुणाची फी राहिली, किती, शेवटची कधी आली, आणि प्रत्येक नाव पैसे आल्याच्या नोंदींशी ताडून पाहिलेलं. कौशल्य तेच, पण आता त्याला तारीख आहे, आकार आहे आणि काम झालं की नाही हे दोघांनाही कळतं. मुलांनी आपली ओळ अशा वाक्यात बसवून बघावी. कुणासाठी, काय, कधीपर्यंत, आणि त्यामुळे त्या माणसाचं काय टळेल. ‘डिझाइन करतो’, ‘कंटेंट करतो’ या वाक्यांतून यातलं काहीच समजत नाही.

पहिलं काम करताना काय झालं तेही सांग, कारण भाषणांमध्ये हा भाग नेहमी गाळला जातो. तिनं तीन तासांचं काम समजून मोबदला ठरवला. लागले नऊ तास. म्हणजे तासाला धरला होता त्याच्या एक तृतीयांश पैसे पडले. का? एकच मुलगा वहीत पूर्ण नावानं होता, मेसेजमध्ये लाडक्या नावानं आणि तिसरीकडे नुसत्या आडनावानं. दोन मुलींचं नाव-आडनाव सारखं होतं. काही तारखा एक्सेलनं तारीख म्हणून घेतल्याच नव्हत्या, साधा मजकूर म्हणून घेतल्या होत्या, त्यामुळे क्रम लावला की सगळं इकडचं तिकडं. (अशा तारखा सहसा रकान्यात डावीकडे चिकटून बसतात, खऱ्या तारखा उजवीकडे. तिनं ते पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं. मला दोन वर्षं लागली होती.) नावामागं चुकून पडलेली एक मोकळी जागासुद्धा जुळणी मोडते. त्यासाठी तिनं सगळ्या नावांवरून हे फिरवलं:

```
=TRIM(A2)
```

आणि नावाऐवजी पालकांचा फोन नंबर ही प्रत्येकाची ओळख ठरवली, म्हणजे सारख्या नावांचा घोळ मिटला. तरी एक तिढा आला. दोघी बहिणी एकाच नंबरवर. मग नंबर आणि इयत्ता मिळून एक ओळख केली.

या सगळ्याचा उपयोग पुढच्या महिन्यात झाला. साचा तयार होता, नावं जुळवलेली होती, काम पाच तासांत झालं. तिसऱ्या महिन्यात साडेतीन. पहिल्या कामाचे तास मोजून लिहून ठेवले नसते तर तिला एवढंच वाटलं असतं की हे परवडत नाही, आणि तिनं सोडून दिलं असतं. म्हणून मुलांना सांग, पहिल्या तीन कामांचे तास घड्याळ लावून लिहा. तिसऱ्या कामालाही पहिल्याइतकाच वेळ लागत असेल तर दर वाढवावा लागेल किंवा कामाचा आकार लहान करावा लागेल. वेळ कमी होत असेल तर तुमच्या हातात काहीतरी साठतंय.

कधी कधी हे साठलेलंच मूळ कामापेक्षा मोठं निघतं. टोबी लुट्के या प्रोग्रॅमरला २००४ च्या सुमारास ऑनलाइन स्नोबोर्ड विकायचे होते. दुकानासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यानं स्वतःच लिहिलं. २००६ मध्ये तेच सॉफ्टवेअर शॉपिफाय म्हणून इतर दुकानदारांसाठी खुलं झालं. हे उदाहरण एका मिनिटात सांगून पुढं जा, नाहीतर हॉलमधली सगळी मुलं शॉपिफाय काढायला निघतील आणि बाईंची फी तशीच राहील.

पैसे मागण्याबद्दल मात्र जरा थांबून बोल. मुलं इथंच अडतात. ‘पहिलं काम फुकट करून देतो’ म्हणायचा मोह होतो. माझं मत याच्या विरुद्ध आहे. फुकट दिलेल्या कामातून काम जमलं की नाही एवढंच कळतं. कुणाला ते हवंय का, हे कळत नाही. धीर होत नसेल तर तुकडा लहान करावा, एकाच महिन्याची यादी किंवा एकाच वर्गाची, पण त्याचे पैसे घ्यावेत. समोरच्याचा होकार खरा आहे का हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. तो तारीख देतो. आपली वही तुमच्या हातात देतो. थोडे पैसे आगाऊ देतो. किंवा म्हणतो, ‘माझ्या बहिणीचीही शिकवणी आहे, तिच्याशी बोल.’ यातलं एकही झालं नाही तर कितीही गोड बोलणं झालं तरी पाटी कोरीच. तीन माणसांकडे जाऊन तिघांकडूनही असं काही मिळालं नाही, तर आधी गिऱ्हाईक बदलून बघायचं, कौशल्य नाही. तिचा तक्ता शिकवणीवाल्यांना नको असता तर भिशी चालवणाऱ्यांना, हॉस्टेलच्या मेसवाल्यांना हवा असू शकला असता.

आणखी एक, वही हातात येते म्हणजे लोकांचे नंबर आणि पैशांचे व्यवहारही हातात येतात. ती शीट बाईंच्याच अकाउंटवर ठेवायची, मैत्रिणींना दाखवायची नाही. कॉलेजातल्या मुलांना हे कुणी सांगत नाही आणि मग एका स्क्रीनशॉटमुळे काम जातं.

किती गमवायचं, हे आधी ठरवायला शिकव. सरस सरस्वती या संशोधिकेनं अनुभवी उद्योजकांचा अभ्यास करून २००१ मध्ये एक निबंध लिहिला. त्यातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट अशी की ही माणसं ‘यातून किती मिळेल’ या हिशोबापासून सुरुवात करत नाहीत. मी कोण आहे, मला काय येतं, मी कुणाला ओळखतो, इथून निघतात आणि बुडालं तर किती सोसवेल तेवढंच लावतात. विद्यार्थ्याकडे सोसण्यासारखं पैशांपेक्षा वेळेचं भांडवल असतं. माझ्याकडच्या मुलीनं चार रविवार आणि जास्तीत जास्त २० तास असं ठरवलं होतं. उसने पैसे नाहीत, लॅपटॉप नवा नाही, नाव-लोगो काही नाही. २० तासांत एकही पैसे देणारा मिळाला नसता तर तिनं थांबायचं होतं. मुलांकडून हे दोन आकडे पानाच्या तळाशी लिहून घे, किती तास आणि कुठल्या तारखेपर्यंत. तारीख नसली की माणूस वर्षभर ‘स्टार्टअपवर काम करतोय’ म्हणत फिरतो.

याच ओघात स्वतःबद्दलही खरं सांग. तू सुरू केलंस तेव्हा घरखर्च कोण चालवत होतं? लॅपटॉप कुणाचा होता? पहिल्या सहा महिन्यांत पैसे आले नसते तर जेवण थांबलं असतं का? हॉलमध्ये अशीही मुलं असतील ज्यांचा रविवार कामावर जातो. तुझ्या पायाखाली जो आधार होता तो तू सांगितला नाहीस, तर त्यांना वाटेल की आपल्यातच काही कमी आहे.

प्रश्नोत्तरांत दोन प्रश्न हमखास येतात. ‘आयडिया कुणी चोरली तर?’ हसून सांग की बाईंच्या फीची यादी चोरायला कुणी येत नाही. चोरण्यासारखं असतं ते नऊ तासांचं काम साडेतीनवर आणणं, आणि ते हातात असतं, कागदावर नाही. ‘मित्राबरोबर सुरू करू का?’ त्याच्या पानावरची ओळ तुझ्यापेक्षा वेगळी असेल तर करून बघ. दोघांनाही तेच येत असेल तर बाईंशी बोलायला कुणीच जाणार नाही, दोघंही शीट रंगवत बसतील.

स्लाइड घरी ठेव. त्याऐवजी मुलं असतील तितके कोरे कागद आणि थोडी जास्तीची पेनं घेऊन जा, कारण पेन कुणाकडेच नसतं. भाषण संपल्यावर जे भेटायला येतील ते आपली आयडिया सांगायला सुरुवात करतील. आधी त्यांचं पान मागून घे आणि सगळ्यात खालची तारीख वाच.